काटा पायात, गाठ जांघेत!

तळपायात काटा मोडला, तो पूर्ण निघाला नाही आणि तिसऱ्या दिवशी जांघेत सुपारीएवढी दुखरी गाठ हाताला लागली, की घरातली आजी कुठलाही रिपोर्ट न बघता सांगून टाकते, "अवधाण आलंय." श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारी ब्रह्मगिरीची फेरी अनवाणी केली असेल, तर हा शब्द तुमच्याही कानावर पडला असेल. पण काटा तळपायात आणि गाठ थेट जांघेत, हे कसं काय?

याचं उत्तर तीन प्रकारच्या पेशींमध्ये आहे: मॅक्रोफेज, न्यूट्रोफिल आणि डेंड्रिटिक पेशी. पुस्तकात तिघींना एकाच ओळीत बसवतात, 'जिवाणू गिळणाऱ्या पेशी' म्हणून. गिळतात तिघी, हे खरंच आहे. पण गिळल्यावर प्रत्येक जण त्या जिवाणूचं वेगळं काहीतरी करते, आणि त्याचा परिणाम तुम्हाला स्वतःच्या पायावर बघायला मिळतो. लाली आणि ठणका, मग पू, मग अवधाण. याच क्रमाने जाऊ.

आधी बोंब मारणारी

काट्याबरोबर चामडीखाली थोडे जिवाणू जातात. समजा शंभरच गेले. आत ऊब आहे, ओल आहे, खायला आहे. दर अर्ध्या तासाला ते दुप्पट झाले, तर सहा तासांत त्यांचे चार लाख होतात. म्हणजे पहिली झुंज जिवाणूंशी आहेच, पण त्याहून जास्त घड्याळाशी आहे.

मॅक्रोफेज तिथे आधीपासूनच राहायला असतात. चामडीत, फुप्फुसात, यकृतात त्यांचा मुक्काम कित्येक आठवडे, महिने असतो. एरवी त्यांचं काम मेलेल्या पेशी उचलण्याचं. जिवाणूच्या बाहेरच्या भिंतीत असे काही पदार्थ असतात जे आपलं शरीर कधीच बनवत नाही. मॅक्रोफेजच्या अंगावरचे टोल-लाइक रिसेप्टर हे पदार्थ ओळखतात, आणि काही मिनिटांतच तिला कळतं की परका घुसलाय.

ती समोरचे जिवाणू गिळायला लागते. पण एका जागी असतात त्या मोजक्याच, चार लाखांना पुरणार नाहीत. म्हणून तिचं मोठं काम गिळण्याचं नाही, बोंब मारण्याचं आहे. ती टीएनएफ, इंटरल्यूकिन-१ अशी रसायनं सोडते. त्यामुळे जवळच्या रक्तवाहिन्या रुंदावतात, त्यांच्या भिंती सैल होतात आणि आतलं पाणी बाहेर झिरपतं. जागा लाल होते, गरम लागते, सुजते, ठणकते. आपल्याला वाटतं की जिवाणूंनी पाय सुजवला. बराचसा तो आपल्याच पेशींनी सुजवलेला असतो, कारण मदत बाहेर पडायला वाट हवी असते.

झुंडीने येऊन मरणारी

ती मदत म्हणजे न्यूट्रोफिल. सीबीसीचा रिपोर्ट हातात आला तर बघा, पांढऱ्या पेशींमध्ये सगळ्यात मोठा आकडा बहुतेक वेळा यांचाच असतो, साधारण ४० ते ७५ टक्के. हाडांतल्या मगजात रोज सुमारे दहा हजार कोटी न्यूट्रोफिल तयार होतात. एवढ्या लागतात, कारण त्या फार जगत नाहीत. रक्तात फिरून झालं की बाहेर पडून एखाद-दोन दिवसांत संपतात.

रक्ताबरोबर वेगाने जाताना त्यांना थांबवायचं कसं? मॅक्रोफेजच्या बोंबेमुळे रक्तवाहिनीच्या आतल्या भिंतीवर चिकट रेणू उगवतात. न्यूट्रोफिल त्यांना अडकत, घरंगळत हळू होते, धावत्या बसचा दांडा धरून कुणी उतरावं तशी. मग भिंतीतल्या फटीतून ती अंग चोरून बाहेर निघते. तिचं केंद्रक सलग गोळा नसून तीन ते पाच पाकळ्यांचं असतं, त्यामुळे बारीक फटीतून निघणं सोपं जातं. तासाभरात पहिल्या पोचतात आणि पुढचे काही तास रांग लागलेली असते.

गिळलेल्या जिवाणूचं न्यूट्रोफिल काय करते? पूर्ण नाश. ती ऑक्सिजनपासून हायड्रोजन पेरॉक्साइड बनवते आणि त्यापासून हायपोक्लोरस आम्ल, म्हणजे जंतू मारायला आपण जे ब्लीच वापरतो त्याच घराण्यातलं. वर प्रथिनं फोडणारे विकर ओतते. काही न्यूट्रोफिल तर मरताना स्वतःचा डीएनए जाळ्यासारखा बाहेर फेकतात आणि जिवाणू त्यात अडकतात. ही जाळी शास्त्रज्ञांनी २००४ साली पहिल्यांदा नीट दाखवली.

एवढ्या जहाल माऱ्यात त्या स्वतःही मरतात, आणि आजूबाजूच्या चांगल्या मांसालाही थोडं भाजतं. काट्याभोवती दुसऱ्या दिवशी जमणारा पू म्हणजे मुख्यतः मेलेल्या न्यूट्रोफिल. पुवाला हिरवट छटा असते, ती बरेचदा त्यांच्यातल्या मायलोपेरॉक्सिडेज या विकराची, कारण त्याचा रंगच हिरवा आहे.

मग हा पसारा आवरायचा कुणी? पुन्हा मॅक्रोफेज. रक्तातून आलेल्या मोनोसाइट पेशींपासून नव्या मॅक्रोफेज तयार होतात, मेलेल्या न्यूट्रोफिल गिळतात आणि आता बोंब थांबवणारी, जखम भरायला लावणारी रसायनं सोडतात. सुरुवातही तीच करते आणि समारोपही तीच.

पुरावा जपणारी

तिसरी पेशी या मारामारीत फारशी दिसतच नाही. १८६८ साली पाउल लांगरहान्स नावाच्या जर्मन विद्यार्थ्याला चामडीच्या वरच्या थरात फांद्या फुटलेल्या पेशी दिसल्या. तो तेव्हा तुमच्याच वयाचा, विशीतला. त्याला त्या मज्जापेशी वाटल्या. पुढे १९७३ मध्ये राल्फ स्टाइनमन आणि झानविल कोहन यांनी उंदराच्या प्लीहेत सापडलेल्या तशाच फांद्यांच्या पेशींना 'डेंड्रिटिक' हे नाव दिलं. लांगरहान्सच्या पेशी याच गोतावळ्यात बसतात, हे नंतर स्पष्ट झालं.

डेंड्रिटिक पेशीही जिवाणू गिळते, पण त्याची राख करत नाही. तिच्या पोटातले विकर सौम्य असतात. ती जिवाणूची प्रथिनं हळूहळू तोडते आणि तुकडे शाबूत ठेवते. मग फांद्या आखडते, जागा सोडते, लसिकावाहिनीत शिरते आणि जवळच्या लसिका ग्रंथीकडे निघते. पायासाठी मोठ्या ग्रंथी जांघेत असतात, हातासाठी काखेत. म्हणून द्राक्षाच्या छाटणीत बोटाला कात्री लागून चिघळली, तर गाठ काखेत येते.

पोचायला साधारण एखादा दिवस लागतो. ग्रंथीत ती जिवाणूचे तुकडे अंगावर मांडून टी-पेशींना दाखवते. लाखो टी-पेशींपैकी मोजक्याच त्या तुकड्याला जुळणाऱ्या असतात. जुळणारी सापडावी म्हणून ग्रंथीत येणाऱ्या पेशींची वाट रुंदावते आणि बाहेर जाणारी काही काळ अडवली जाते. गर्दी वाढते, ग्रंथी फुगते, वरचं आवरण ताणलं जातं आणि दुखतं. हेच ते अवधाण. खमकी टी-पेशींची फौज तयार व्हायला अजून काही दिवस लागतात. तोपर्यंत पायाकडची बाजू पहिल्या दोघींनीच सांभाळायची असते.

गाठ जेव्हा हरल्याची खूण होती

सव्वाशे वर्षांपूर्वी आपल्याकडे जांघेतल्या गाठीला लोक वेगळ्याच कारणाने घाबरायचे. १८९६ च्या सप्टेंबरमध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेग ओळखला. पुढच्या वर्षी पुण्यात प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाई फुले गेल्या.

प्लेगचा जिवाणू या तिघींनाच गाठतो. पिसवाच्या चाव्यातून आत आल्यावर न्यूट्रोफिल त्यातले बरेच मारतात, पण मॅक्रोफेजच्या पोटात काही टिकून राहतात. शरीराच्या उबेत ते सुईसारखं यंत्र तयार करतात आणि त्यातून थेट आपल्या पेशींत प्रथिनं टोचतात. टोचलेली पेशी गिळू शकत नाही आणि बोंबही मारू शकत नाही. उंदरांवरच्या प्रयोगांत दिसलं, की ही टोचणी मुख्यतः न्यूट्रोफिल, मॅक्रोफेज आणि डेंड्रिटिक पेशींनाच बसते. चावलेली जागा त्यामुळे बरेचदा शांत दिसते. जिवाणू मात्र, काही पेशींच्या पोटात आणि काही मोकळेच, लसिकेतून ग्रंथीत पोचतात आणि तिथे बेफाम वाढतात. गाठ तीच, जागाही तीच, पण आत टी-पेशींच्या बैठकीऐवजी जिवाणूंचं ठाणं.

वाल्डेमार हाफकिन १८९६ च्या ऑक्टोबरमध्ये मुंबईत आला. त्याने उष्णतेने मारलेल्या जिवाणूंची लस बनवली आणि १० जानेवारी १८९७ ला आधी स्वतःला टोचून घेतली. डेंड्रिटिक पेशी तेव्हा कुणाला माहीत नव्हत्या. आज आपण सांगू शकतो, की मेलेला जिवाणू टोचू शकत नाही, पण त्याचे तुकडे तसेच असतात. डेंड्रिटिक पेशीला पुरावा मिळतो आणि पेशी निकामीही होत नाही. गंमत म्हणजे हाफकिन ज्याचा विद्यार्थी, त्या इल्या मेचनिकॉफने गिळणाऱ्या पेशींची कल्पना मांडली ती काट्यावरूनच. १८८२ मध्ये त्याने तारामाशाच्या पारदर्शक पिल्लात गुलाबाचे काटे खुपसले आणि सकाळी काट्याभोवती पेशींचा घोळका बघितला.

तुमच्या पायाचं काय?

लाली काट्यापुरती, थोडा पू, जांघेत हलणारी दुखरी गाठ आणि दोन-तीन दिवसांत उतार, म्हणजे तिघी आपापलं काम करतायत. गाठ चोळू नका, काटा मात्र नीट काढून घ्या. लालीच्या कडेला पेनाने रेघ मारून ठेवा. काही तासांत लाली रेघेबाहेर गेली, पायावर वर चढणारी लाल रेष दिसली किंवा थंडी वाजून ताप आला, तर जिवाणू पुढे सरकलेत. त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. धनुर्वाताचं इंजेक्शन घेऊन किती वर्षं झाली तेही सांगा, कारण तो जिवाणू विष सोडतो आणि विष गिळणं या पेशींच्या हातात नसतं.

घरात कुणाची केमोथेरपी चालू असेल, तर एक गोष्ट उलटी लक्षात ठेवा. तिथे न्यूट्रोफिल फार कमी झालेल्या असू शकतात. मग जखम आतून चिघळली तरी पू धरत नाही, कारण पू व्हायला मरणाऱ्या न्यूट्रोफिलच नसतात. अशा माणसाला नुसता ताप आला, तरी 'जखम तर स्वच्छ दिसतेय' म्हणून सकाळची वाट बघत बसू नका, लगेच हॉस्पिटल गाठा.