ड्रेनेज लाइनचा उतार किती हवा? खोदण्याआधी हा हिशोब करा

चिखली, मोशी किंवा चाकणला घर बांधताना ड्रेनेज लाइन मिस्त्रीच्या अंदाजावर टाकली जाते. फरशी बसल्यावर चेंबर तुंबायला लागलं, की मग फरशी फोडावी लागते. हे टाळायचं असेल तर दोन गोष्टी समजून घ्या.

उतार किती?

४ इंची पाइपसाठी नेहमीचा नियम १:४० असा आहे. म्हणजे दर मीटरला २५ मिमी, किंवा मिस्त्रीच्या भाषेत १० फुटांना ३ इंच. ६ इंची पाइपला १:६० चालतो. उतार कमी पडला तर पाण्याला वेग मिळत नाही आणि मैला पाइपमध्येच बसतो.

इन्व्हर्ट लेव्हल म्हणजे काय?

पाइपच्या आतल्या तळाची उंची. चेंबरची खोली म्हणजे इन्व्हर्ट नव्हे. रस्त्यावर काँक्रीटचे थर चढले की झाकण वर येतं आणि चेंबर खोल दिसतं, पण आतली लाइन तिथेच असते. म्हणून सगळी मापं एकाच लेव्हलपासून घ्या. सोपा मार्ग म्हणजे अंगणाच्या फरशीची लेव्हल शून्य धरा आणि ती लेव्हल ट्यूबने प्रत्येक चेंबरपर्यंत न्या.

एक उदाहरण

समजा घरामागचं पहिलं चेंबर ६०० मिमी खोल घ्यायचं आहे. तिथून दुसरं ८ मीटरवर, तिसरं आणखी १० मीटरवर आणि रस्त्यावरचं चेंबर पुढे ६ मीटरवर आहे. एकूण २४ मीटरला २५ मिमीप्रमाणे ६०० मिमी उतार लागेल. मग इन्व्हर्ट असे येतील:

- पहिलं चेंबर: ६०० मिमी
- दुसरं: ८०० मिमी
- तिसरं: १०५० मिमी
- रस्त्यावरचं: १२०० मिमी

आता रस्त्यावरच्या चेंबरचं झाकण उघडून माप घेतलं आणि तिथला इन्व्हर्ट फक्त १००० मिमी निघाला तर? उताराला ४०० मिमीच उरतात, म्हणजे १:६०. ४ इंची पाइपला हे कमी आहे. अशा वेळी पहिलं चेंबर ४०० मिमीवर उचला. मग इन्व्हर्ट ४००, ६००, ८५० आणि १००० येतात आणि उतार पुन्हा १:४० होतो. फक्त पाइपवर माती कमी राहते, त्यामुळे वरून गाडी जाणार असेल तर पाइपभोवती काँक्रीट भरा. ६ इंची पाइप टाकणं हा दुसरा पर्याय, पण एका घराचं पाणी त्यात पातळ थराने वाहतं आणि मैला ढकलायला कमी पडतं.

म्हणूनच हिशोब रस्त्याकडून घराकडे करा. सेप्टिक टँक असेल तर त्याच्या इनलेटपासून सुरुवात करा.

बुजवण्याआधी

लेव्हल ट्यूबने आणलेल्या शून्य लेव्हलपासून प्रत्येक चेंबरचा इन्व्हर्ट मोजा आणि वरच्या आकड्यांशी ताडून पाहा. मग दोन चेंबरच्या मध्ये टॉर्च आणि आरसा धरा. पाइपचं पूर्ण गोल तोंड दिसलं पाहिजे. अर्धंच दिसलं तर पाइप मध्येच खचलाय किंवा उचललाय. शेवटी बादलीभर पाणी सोडा. मध्ये कुठे साचून राहिलं, तर तेवढा तुकडा आत्ताच उचलून पुन्हा बसवून घ्या.