फुप्फुसांचा रक्तदाब निराळा

दंडाला पट्टा बांधून डॉक्टर १२०/८० सांगतात तो रक्तदाब शरीराकडे जाणाऱ्या वाटेचा. हृदयाच्या उजव्या बाजूकडून फुप्फुसांकडे जाणाऱ्या रोहिणीत तो साधारण २५/१० एवढाच असतो. तो पट्ट्याने कळत नाही. नेमका मोजायचा तर शिरेतून हृदयापर्यंत बारीक नळी सरकवावी लागते. वर्नर फोर्समान या जर्मन डॉक्टरने १९२९ साली अशी नळी प्रथम स्वतःच्याच हातातून आत घातली होती. धाडस म्हणा की आडमुठेपणा!

गंमत म्हणजे दोन्ही वाटांनी रक्त सारखंच वाहतं, विश्रांतीत मिनिटाला सुमारे ५ लिटर. मग दाबात एवढा फरक का? शरीराला रक्त वाटून द्यावं लागतं: उभं राहिलं तरी मेंदूला पोचलं पाहिजे, जेवणानंतर आतड्यांना जास्त मिळालं पाहिजे. म्हणून तिथल्या लहान रोहिण्यांना जाड स्नायूंचे वेढे असतात, आणि त्यांच्या अडथळ्यातून रक्त ढकलायला मोठा दाब लागतो. फुप्फुसं हृदयाला लागूनच आहेत आणि सगळंच रक्त त्यांच्याकडे येतं. त्यांच्या रोहिण्या पातळ भिंतीच्या आणि सहज फुगणाऱ्या असल्या तरी चालतं.

चालतं म्हणण्यापेक्षा तसंच असावं लागतं. केशवाहिनीतलं रक्त आणि वायुकोशातली हवा यांच्यामधला पडदा मिलिमीटरच्या हजाराव्या भागापेक्षाही पातळ असतो. केशवाहिनीतला दाब ८-१० असतो, तर रक्तातली प्रथिनं पाणी साधारण २५च्या जोराने धरून ठेवतात. या फरकामुळे वायुकोश कोरडे राहतात.

धावताना प्रवाह तिप्पट-चौपट होतो, पण दाब त्या मानाने थोडाच वाढतो. फुप्फुसांच्या शेंड्याकडच्या मिटलेल्या केशवाहिन्या उघडतात आणि उघड्या असलेल्या आणखी फुगतात. एक निरोगी फुप्फुस उरलं, तरी विश्रांतीच्या वेळचं सगळं रक्त ते बहुधा सांभाळून घेतं.

ही लवचीकता कुठे संपते, ते मायट्रल झडप आकसलेल्या रुग्णात दिसतं. लहानपणी झालेल्या ऱ्हुमॅटिक तापाने ही झडप अरुंद होते. अशी एखादी तरुणी एरवी ठणठणीत असते. गरोदरपणात तिचं रक्त जवळजवळ दीडपट होतं, नाडीही वेगाने चालते, आणि अरुंद झडपेतून रक्त उतरायला वेळ अपुरा पडतो. ते मागे तुंबतं, केशवाहिन्यांतला दाब २५च्या वर जातो आणि पाणी वायुकोशांत झिरपू लागतं. जिना चढताना धाप लागते, आडवं झाल्यावर जीव घुसमटतो, उशा वाढवाव्या लागतात. ही लक्षणं गरोदरपणाचीच म्हणून सोडून दिली जातात, हे वाईट. छातीला नळी लावली तर तळाशी बारीक करकर ऐकू येते आणि इकोत झडपेचं तोंड मोजता येतं.

हा दाब वर्षानुवर्षं राहिला, की फुप्फुसांतल्या रोहिण्याही जाड होतात. त्यामुळे केशवाहिन्यांवरचा लोंढा काहीसा अडतो, पण त्याची किंमत हृदयाचा पातळ भिंतीचा उजवा कप्पा मोजतो. तो हळूहळू थकतो आणि पायांवर सूज येऊ लागते.