पार्सल परत येते तेव्हा : छोट्या विक्रेत्याचा हिशेब

वस्तू घरी पोचल्यावर पैसे देण्याची पद्धत महाराष्ट्राला नवी नाही. टपाल खात्याची व्ही. पी. सेवा १८७७ मध्ये सुरू झाली आणि मराठी प्रकाशकांनी खेडोपाडी पुस्तके पोचविली ती तिच्याच आधारे. ‘व्ही. पी. परत आली’ ही तक्रारही तेव्हापासूनचीच. सन २०१० नंतर इंटरनेटवरील विक्रीत ‘कॅश ऑन डिलिव्हरी’ रूढ झाली, तशी ही जुनी अडचण खेड्यातील लहान उत्पादकापुढेही उभी राहिली.

धाराशिव जिल्ह्यातील भूम तालुक्यात ईट हे गाव आहे. येथील एखादा महिला बचत गट लहान मुलांच्या गोधड्या शिवून कुरिअरने पाठवितो, असे उदाहरणादाखल समजू. गोधडीची किंमत ५०० रुपये. कापड व मजुरी ३००, वेष्टन १५, पाठविण्याचे भाडे ७० आणि रोख रक्कम वसूल करण्याचा आकार ३० रुपये धरला, तर पोचलेल्या प्रत्येक पार्सलामागे ८५ रुपये उरतात.

ग्राहकाने पार्सल घेतले नाही, तर वसुलीचा आकार लागत नाही असे धरू. तरीही जाण्याचे ७०, परतीचे ७० व वेष्टनाचे १५ असे १५५ रुपये जातात. शिवाय परत आलेल्या पाच गोधड्यांपैकी एक मळून वा फाटून विक्रीयोग्य राहत नाही असे मानले, तर प्रत्येक परतीवर आणखी ६० रुपयांचा भार पडतो. म्हणजे एका परतीचे नुकसान २१५ रुपये. ते भरून काढण्यास अडीच पार्सलांचा नफा खर्ची पडतो. भूम परिसरातील खव्यासारखा नाशवंत माल असेल, तर परत आलेला सर्वच माल वाया जातो.

सरासरीत दडलेला तोटा

गटाने दोन वितरण क्षेत्रांत प्रत्येकी १०० पार्सले पाठविली. पहिल्या क्षेत्रातून १५ परत आली; तेथे ४,००० रुपये नफा झाला. दुसऱ्यातून ३५ परत आली. तेथे २,००० रुपये तोटा झाला. एकत्र हिशेबात परतीचे प्रमाण शेकडा २५ व नफा २,००० रुपये दिसतो आणि धंदा ठीक चालल्याचा समज होतो. वस्तुतः एका क्षेत्राची कमाई दुसरे क्षेत्र खात असते. या उदाहरणात शेकडा २८ च्या पुढे परती गेल्या की तोटा सुरू होतो.

म्हणून नोंदवहीत प्रत्येक पार्सलापुढे पिनकोड लिहावा. १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झालेल्या या सहा अंकांतील शेवटचे तीन अंक वितरण करणारे डाकघर दर्शवितात. मात्र ग्रामीण भागात एका पिनकोडखाली अनेक गावे व वस्त्या येतात. त्यामुळे गावाचे नावही नोंदवावे. तसेच दहांपैकी चार पार्सले परत आली, एवढ्यावरून त्या क्षेत्राविषयी निष्कर्ष काढू नये. इतक्या थोड्या संख्येत योगायोगाचा वाटा मोठा असतो.

दोष कोणाचा?

परतीच्या पार्सलावर ‘ग्राहक उपलब्ध नाही’ असा शेरा असतो. तो प्रत्येक वेळी खरा असतोच असे नाही. याची पडताळणी सोपी आहे. ज्यांनी पैसे आगाऊ भरले, अशा ग्राहकांची पार्सलेही त्याच क्षेत्रातून परत येत असतील, तर दोष बहुधा पत्त्यात किंवा वितरणात आहे. ‘मारुती मंदिराजवळ’ एवढा पत्ता गावकऱ्यास पुरतो, परक्या वितरकास नाही. अशा वेळी वस्तीचे नाव, घर क्रमांक आणि दुसरा दूरध्वनी क्रमांक मागवावा, अथवा दुसऱ्या कुरिअरचा वा टपालाचा अनुभव घ्यावा. उलट, आगाऊ पैशांची पार्सले पोचतात आणि रोखीचीच परत येतात, तर कारण ग्राहकाकडे आहे : मन बदलले, घरात पैसे नव्हते, किंवा पार्सल येईपर्यंत गरज संपली.

या दुसऱ्या प्रकारात पाठविण्यापूर्वी दूरध्वनीने खात्री करणे उपयोगी पडते. तोट्याच्या क्षेत्रातील १०० मागण्यांपैकी २५ अशा रीतीने आधीच रद्द झाल्या आणि त्यांत परत येणाऱ्या २० व खऱ्या ग्राहकांच्या ५ होत्या असे समजू. पाठविलेल्या ७५ पैकी ६० पोचतील, १५ परत येतील. दूरध्वनीचा किरकोळ खर्च वगळता २,००० रुपयांच्या तोट्याऐवजी १,८७५ रुपये नफा होईल. पाच विक्र्या गमावूनही गट फायद्यात राहतो, कारण न पाठविलेल्या पार्सलावर भाडे पडत नाही.

परतीचा आणखी एक भार या आकड्यांत येत नाही. माल प्रवासात असेपर्यंत त्यात गुंतलेले ३०० रुपये अडकून राहतात. पस्तीस पार्सले परतीच्या वाटेवर असताना गटाचे १०,५०० रुपये अडकतात आणि पुढील कापड उधारीवर आणावे लागते. एखाद्या क्षेत्रात रोखीची सोय चालू ठेवावी की तेथे आगाऊ रक्कम मागावी, हे ठरविताना परतीच्या प्रमाणाबरोबर हा अडकलेला पैसाही गटाने हिशेबात धरला पाहिजे.