जन्मनोंदीतील कोरा रकाना

लग्नाची पत्रिका छापताना घरातील वडीलधारी मंडळी नावे चार-चार वेळा तपासून घेतात. आजोबांच्या नावामागे ‘स्व.’ राहून गेले तर पत्रिकांचा सगळा गठ्ठा पुन्हा छापखान्यात जातो. त्याच घरातील मुलीच्या जन्मदाखल्यावर तिचे नाव आहे की नाही, हे मात्र सत्तावीस वर्षांत कोणी पाहिलेले नसते.

गोंदियाच्या बाजारपेठेत धान्याची आडत असलेल्या एका जैन कुटुंबातील मुलीचे उदाहरण येथे घेतले आहे. विदेशात मुलगी दिलेल्या घरांतून जे वारंवार घडते तेच या एका जोडप्याच्या रूपाने मांडले असल्यामुळे नावे देण्याचे कारण नाही. मुलगा लहानपणीच आई-वडिलांबरोबर न्यू जर्सीत गेलेला आणि अमेरिकेचा नागरिक. विवाह फेब्रुवारी २०२३ च्या शेवटच्या आठवड्यात गोंदियातच झाला. तीन आठवड्यांनी जावई परत गेला. मुलगी चार-सहा महिन्यांत जाईल, अशी दोन्ही घरांची समजूत होती. प्रत्यक्षात दोन वर्षे लागली.

ही दोन वर्षे एकसारखी नव्हती आणि तेच समजून घेण्यासारखे आहे. अमेरिकन नागरिकाच्या पत्नीचे प्रकरण तीन दारांतून जाते. पहिले दार तेथील नागरिकत्व व स्थलांतर विभागाचे. तेथे पतीने आय-१३० हा अर्ज करून हा विवाह खरा असल्याचे दाखवून द्यायचे असते. दुसरे दार न्यू हॅम्पशायर राज्यातील राष्ट्रीय व्हिसा केंद्राचे. तेथे शुल्क भरायचे, पत्नीचा डीएस-२६० अर्ज भरायचा आणि दाखले व उत्पन्नाची हमी संगणकावरून चढवायची. तिसरे दार मुंबईच्या वांद्रे-कुर्ला संकुलातील अमेरिकन वाणिज्य दूतावासाचे, म्हणजे मुलाखतीचे. पहिल्या आणि तिसऱ्या दाराशी केवळ थांबायचे असते. दुसऱ्या दाराशी किती दिवस जातील, हे बऱ्याच अंशी आपल्या कागदांवर ठरते.

एप्रिल २०२३ मध्ये अर्ज दाखल झाला, पोच आली आणि त्यानंतर चौदा महिने काहीही झाले नाही. नागरिकाच्या पत्नीसाठी व्हिसांची वार्षिक मर्यादा नसते. पती केवळ ग्रीन कार्डधारक असता तर मर्यादित संख्येच्या वर्गात क्रमांक लागेपर्यंत आणखी थांबावे लागले असते. पण मर्यादा नाही म्हणजे रांग नाही, असे नव्हे. अर्जांची तपासणी क्रमानेच होते. लवकर निर्णयाची विनंती करता येते, पण त्यासाठी गंभीर आजार, मोठे आर्थिक नुकसान अशी सबळ कारणे लागतात. नवविवाहितांचा विरह त्यांत बसत नाही.

या चौदा महिन्यांत मनाचा कस लागला. पहिले काही महिने दोघेही दिवसातून पाच-सहा वेळा संकेतस्थळावर प्रकरणाची स्थिती पाहत आणि तेच वाक्य पुन्हा वाचत. पुढे पतीने एक नियम सुचविला : दर सोमवारी एकदाच पाहायचे आणि तेही त्यानेच. काही बदल असेल तरच तिला सांगायचे. नियम साधा होता, पण रोजच्या बोलण्यातून व्हिसा हटला आणि दुकान, स्वयंपाक, भांडण, हसणे यांना पुन्हा जागा मिळाली. गोंदियात रात्रीचे नऊ वाजले की न्यू जर्सीत उन्हाळ्यात सकाळचे साडेअकरा आणि हिवाळ्यात साडेदहा वाजलेले असतात. ही वेळ त्याने कार्यालयात राखून ठेवली होती.

लोकांच्या प्रश्नाला मात्र असा नियम लावता येत नव्हता. पर्युषणात मंदिरात, लग्नाच्या पंगतीत, रामनगरच्या भाजीबाजारात एकच विचारणा : “कधी जाणार?” सहाव्या महिन्यापासून या प्रश्नाचा सूर बदलतो आणि त्यात नसलेल्या शंका ऐकू येऊ लागतात. तिने शाळेतील नोकरी लग्नाआधीच सोडली होती. आता जायचेच आहे, मग कशाला, असा त्यामागचा विचार. सातव्या महिन्यात तिने एका शिकवणी वर्गात गणित शिकवायला घेतले. आईला ते फारसे रुचले नाही, पण त्यामुळे विचारणाऱ्यांना देण्यासारखे उत्तर तिच्यापाशी आले. मधल्या काळात पर्यटक व्हिसावर तिला तिकडे नेऊन आणावे, असा सल्लाही अनेकांनी दिला. पत्नी म्हणून कायम राहण्याचा अर्ज प्रलंबित असताना ‘मी परत येईन’ हे अधिकाऱ्याला पटवून देणे अवघड असते आणि नकाराची नोंद कायम राहते. म्हणून तिने जाण्याऐवजी तोच दोनदा भारतात आला. त्या प्रवासाची तिकिटे आणि छायाचित्रे पुढे मुलाखतीत विवाहाचा पुरावा म्हणून उपयोगी पडली.

जून २०२४ मध्ये मंजुरी आली. घरी पेढे वाटले गेले आणि चूक झाली ती येथेच. मंजुरी म्हणजे व्हिसा असे सर्वांना वाटले; प्रत्यक्षात प्रकरण केवळ पहिल्या दारातून दुसऱ्या दाराशी आले होते.

दुसऱ्या दाराशी पहिला प्रश्न उत्पन्नाचा आला. आय-८६४ ही हमी पतीने द्यायची असते आणि त्याचे उत्पन्न तेथील दारिद्र्यरेषेच्या किमान १२५ टक्के असावे लागते. २०२४ साली दोन माणसांच्या कुटुंबासाठी ही रक्कम वर्षाला २५,५५० डॉलर होती. जावयाचा पगार त्याहून पुष्कळ अधिक होता. तरीही मुलीच्या वडिलांनी तीन वर्षांची आपली आयकर विवरणपत्रे, दुकानाचा ताळेबंद आणि गोदामाचे मूल्यांकन सनदी लेखापालाकडून तयार करून घेतले. व्यापारी माणसाला पत दाखविणे हा स्वभावच वाटतो. परंतु या हमीत भारतातील सासऱ्याच्या उत्पन्नाला स्थान नाही. पतीचे उत्पन्न कमी पडले असते तरी जोडहमीदार अमेरिकेत राहणारा नागरिक किंवा ग्रीन कार्डधारकच लागला असता. लेखापालाची फी वाया गेली, एवढेच.

खरी अडचण जन्मदाखल्याने केली. मुलीचा जन्म १९९६ चा. रुग्णालयातून नगर परिषदेला नोंद गेली तेव्हा बारसे व्हायचे होते. त्यामुळे आई-वडिलांची नावे, तारीख, लिंग सर्व लिहिले गेले आणि बाळाच्या नावाचा रकाना कोरा राहिला. पुढे जाऊन तो भरून घ्यायचा असतो, हे बहुतेक पालकांच्या ध्यानातच राहत नाही. शाळेत दाखला चालला, पासपोर्टही शाळा सोडल्याच्या दाखल्यावर निघाला. ऑगस्टमध्ये चढविलेला हा दाखला व्हिसा केंद्राने परत पाठविला, कारण ज्या व्यक्तीचा जन्म सिद्ध करायचा तिचेच नाव त्यावर नव्हते.

दुरुस्ती अवघड नसते. जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याच्या चौदाव्या कलमात नाव नंतर समाविष्ट करण्याची सोय आहे आणि जुन्या नोंदींसाठीची मुदत शासनाने वेळोवेळी वाढविली आहे. पालकांचा अर्ज, शाळेचा दाखला, ओळखपत्रे आणि प्रतिज्ञापत्र एवढ्यावर काम होते. पण जुन्या नोंदवहीतील क्रमांक शोधणे, नवा दाखला मिळविणे, तो पुन्हा चढविणे आणि पुन्हा तपासणीच्या रांगेत उभे राहणे यात दोन महिने गेले. एक कागद परत आला की बाकीचे बरोबर असलेले कागदही त्याच्यासाठी थांबतात. हेच काम रिकाम्या गेलेल्या चौदा महिन्यांत एखाद्या दुपारी होण्यासारखे होते, ही खंत दोघांनाही दीर्घकाळ राहिली.

यानंतर त्यांनी कागद तपासण्याची पद्धतच बदलली. वडिलांच्या दुकानातील एक कोरी खातेवही घेऊन प्रत्येक दाखल्याला एक पान दिले आणि त्यावर नाव, वडिलांचे नाव, जन्मतारीख, जन्मस्थळ हे त्या दाखल्यात जसे आहे तसेच अक्षरशः उतरवून काढले. बँकेचे पासबुक आणि आपली वही जुळवून पाहावी तसा हा ताळमेळ होता. दोन फरक लगेच सापडले. पहिला, नव्या जन्मदाखल्यावर जिल्हा भंडारा होता आणि इतर कागदांवर गोंदिया. तो दोष नव्हता. गोंदिया जिल्हा १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून वेगळा झाला. त्याआधी जन्मलेल्यांच्या नोंदीत भंडारा येणे स्वाभाविक आहे. दोन ओळींचे स्पष्टीकरण सोबत जोडले गेले. दुसरा फरक आडनावाचा. शाळेत आणि पदवीवर ‘जैन’, तर जन्मनोंदीत व पासपोर्टवर गोत्राचे आडनाव. आपल्या समाजात हे घरोघरी आढळते. डीएस-२६० मध्ये आजवर वापरलेली इतर नावे विचारतात. तेथे ‘जैन’ हे आडनाव नोंदविले आणि पासपोर्ट कार्यालयाकडून घ्यायच्या पोलीस दाखल्यावर पासपोर्टमधीलच नाव राहील याची काळजी घेतली.

सासरचे आडनाव पासपोर्टवर आताच चढवावे, असा सासूबाईंचा आग्रह होता. अर्ज एका नावाने आणि पासपोर्ट दुसऱ्या नावाने झाला तर दोन्ही नावांची व्यक्ती एकच असल्याचे पुन्हा सिद्ध करावे लागते. जावयाने आईची समजूत घातली आणि नाव बदलणे तिकडे गेल्यावर पाहायचे ठरले.

ऑक्टोबरअखेरीस सर्व कागद पूर्ण असल्याचा संदेश आला. डिसेंबरमध्ये मुलाखतीची तारीख मिळाली. जानेवारी २०२५ च्या मध्यास बाप-लेक विदर्भ एक्स्प्रेसने मुंबईला गेले. दूतावासाने नेमलेल्या डॉक्टरांकडून तपासणी आधी, मुलाखत त्यानंतर. मुलाखत दहा मिनिटांचीही झाली नाही. ओळख कशी झाली, पती काय काम करतो, तो भारतात किती वेळा आला, एवढेच विचारले. खातेवही पिशवीतच राहिली. महिनाअखेर पासपोर्ट व्हिसासह हाती आला.

वडील त्याच संध्याकाळी तिकीट काढायला निघाले. जावयाने दूरध्वनीवरून थांबविले. अमेरिकेत प्रवेश करतेवेळी विवाहाला दोन वर्षे पूर्ण झालेली नसतील, तर ग्रीन कार्ड दोन वर्षांचे आणि सशर्त मिळते. ते संपण्यापूर्वीच्या नव्वद दिवसांत दोघांनी मिळून आय-७५१ अर्ज करून, विवाह खरा असल्याचे पुन्हा सिद्ध करावे लागते. पुन्हा शुल्क, पुन्हा प्रतीक्षा. दोन वर्षे पूर्ण झाली असतील तर ही अट राहत नाही आणि दहा वर्षांचे कार्ड मिळते. व्हिसावर सशर्त वर्ग छापलेला असला तरी प्रवेशाच्या दिवशीची स्थिती धरली जाते. फक्त विमानतळावरील अधिकाऱ्याला विवाहाचा दाखला दाखवून ते ध्यानात आणून द्यायचे असते. लग्नाच्या दुसऱ्या वाढदिवसाला चार आठवडे उरले होते आणि व्हिसाची मुदत त्यानंतरही बरीच होती.

तेवीस महिने एकेक दिवस मोजलेल्या त्या दोघांनी हे चार आठवडे आपण होऊन वाढवून घेतले. १ मार्चचे तिकीट निघाले. मधल्या काळात तिने शिकवणी वर्गातील दहावीच्या मुलांचा बीजगणिताचा राहिलेला भाग संपविला, आणि विवाह नोंदणीचा दाखला हातातील पिशवीत, सर्वांत वर ठेवला.