अर्जदार तोच, उत्तर वेगळे

कर्जाचा हप्ता थकण्याची शक्यता वर्तवणारे मॉडेल नव्या नोंदींवर पुन्हा घडवले, की काही अर्जदारांविषयीचा त्याचा अंदाज बदलतो. व्यवस्थापक साहजिकच विचारतात, ‘माणूस तोच, पगार तोच, मग जानेवारीत होकार आणि जूनमध्ये नकार कसा?’ त्यांच्यासाठी टिपण लिहायचे, तर सुरुवात एका हिशेबाने करावी.

समजा, निकाल आधीच ठाऊक असलेले 1000 अर्ज दोन्ही मॉडेलांना दिले. दोघांचेही 900 अंदाज बरोबर आले. अचूकता समान, पण चुकलेले 100 अर्ज दोघांचे एकच असतील असे नाही. नव्याने जुन्याच्या 60 चुका सुधारल्या आणि 60 नव्या केल्या, तर बेरीज तीच राहते आणि 120 जणांचे उत्तर मात्र बदलते.

हा बदल येतो कुठून? एक कारण उंबरठ्यापाशी आहे. थकण्याची शक्यता 20 टक्क्यांच्या वर गेली की नकार, असा नियम असेल, तर जुन्याने 19.4 म्हटलेल्या अर्जदाराला नव्याने 20.3 म्हणणे पुरते. मॉडेल घडवताना कोणत्या नोंदी कधी निवडायच्या यात थोडा यदृच्छेचा भाग असतो. त्यामुळे त्याच नोंदींवर ते पुन्हा घडवले, तरी इतका फरक पडू शकतो.

दुसरे कारण अधिक खोल आहे : नोंदींचा अर्थच बदलतो. रिझर्व्ह बँकेने 2020 मध्ये मार्च ते ऑगस्ट या काळात हप्ते पुढे ढकलण्याची सवलत देऊ दिली. ज्यांनी ती घेतली, त्यांचा तो काळ थकबाकीच्या दिवसांत धरला गेला नाही. म्हणजे हप्ता आला नाही, तरी वहीत ‘थकला’ अशी नोंद नाही. हे महिने तसेच शिकवले, तर ज्यांची कमाई बुडाली होती तेही मॉडेलला नियमित फेडणारे वाटू शकतात. तेव्हा नवा अंदाज बदललेल्या नोंदवहीबद्दल बोलत असतो, माणसांबद्दल नव्हे.

ही दोन कारणे वेगळी करता येतात. नोंदी जुन्याच ठेवून फक्त यदृच्छेचा आरंभ बदलावा, मॉडेल काही वेळा घडवावे आणि दरवेळी किती उत्तरे पालटतात ते मोजावे. सरासरी 40 पालटली, तर 120 पैकी साधारण तेवढा फरक नुसत्या डळमळीचा. उरलेला बहुधा नोंदींचा. ही विभागणी ढोबळ आहे. अमुक एका अर्जदाराचे उत्तर कशामुळे पालटले, हे तिच्यातून कळत नाही.

म्हणून टिपणाच्या शेवटी व्यवस्थापकांच्या हाती दोन गोष्टी द्याव्यात. उंबरठ्यालगतचे अर्ज माणसाने पाहावेत. आणि नवे मॉडेल स्वीकारताना एकूण अचूकतेबरोबर उत्तर पालटलेल्यांची यादीही मागावी. जुन्या होकाराचा नकार कोणाच्या वाट्याला आला, हे त्या यादीतच दिसते.