सिरॉसिसमध्ये किडनी का बंद पडते: गैरसमज आणि वस्तुस्थिती

लिव्हर सिरॉसिस बळावलेल्या, पोटात पाणी साठलेल्या रुग्णाची लघवी कमी होते आणि क्रिएटिनिन चढू लागते, तेव्हा घरच्यांचा पहिला समज असा होतो की लिव्हरपाठोपाठ किडन्याही खराब झाल्या. अशा रुग्णांत आढळणाऱ्या हिपॅटोरीनल सिंड्रोमला हे वर्णन सहसा लागू पडत नाही. १९६९ मध्ये अमेरिकेतल्या डॉक्टरांनी या सिंड्रोमने दगावलेल्या रुग्णांच्या किडन्या इतर रुग्णांना बसवल्या, आणि नव्या शरीरात त्या काम करू लागल्या. म्हणजे दोष मुख्यतः किडनीच्या रचनेत नव्हता. तिला रक्तच पुरेसे मिळत नव्हते.

रक्त का मिळत नाही, हे कळले की पुढचे बरेच गैरसमज आपोआप गळून पडतात. लिव्हर कठीण झाले की आतड्यांकडून त्यात येणाऱ्या रक्ताची वाट अडते आणि मागे दाब वाढतो. त्या भागात नायट्रिक ऑक्साइडसारखी रसायने वाढतात व आतड्यांच्या रक्तवाहिन्या सैलावतात. बरेचसे रक्त तिथेच रेंगाळते आणि मुख्य धमन्या अपुऱ्या भरतात. शरीर याचा अर्थ रक्तस्राव झाल्यासारखा लावते. ते मीठ आणि पाणी धरून ठेवण्याचा, वाहिन्या आवळण्याचा हुकूम सोडते. धरून ठेवलेले पाणी पोटात झिरपत राहते, आणि आवळण्याचा सर्वांत मोठा फटका किडनीच्या धमन्यांना बसतो. त्यामुळे एकाच माणसाच्या अंगात पाण्याचा पूर आणि धमन्यांत दुष्काळ, अशी अवस्था होते.

दुसरा गैरसमज यातूनच येतो आणि तो सर्वांत घातक म्हणावा लागेल. पोट फुगलेले आहे, लघवी होत नाही, मग लघवीच्या गोळ्या बंद का केल्या? त्या तर वाढवायला हव्यात, असे वाटणे स्वाभाविक आहे. पण स्पायरोनोलॅक्टोन काय किंवा फ्युरोसेमाइड काय, पोटातले पाणी थेट काढत नाही. ही औषधे रक्तातले मीठ आणि पाणी लघवीवाटे बाहेर टाकतात. पोटातले पाणी मागाहून सावकाश रक्तात परतते, आणि त्या परतीलाही मर्यादा असते. ढोबळमानाने दिवसाला अर्धा लिटर. म्हणूनच पायांवर सूज नसलेल्या रुग्णाचे वजन या गोळ्यांनी दिवसाला अर्ध्या किलोपेक्षा जास्त उतरू नये, असे सांगितले जाते. त्याहून वेगाने पाणी गेले तर ते आधीच अपुऱ्या भरलेल्या धमन्यांतून जाते, आणि किडनीचा रक्तपुरवठा आणखी घटतो. क्रिएटिनिन चढल्यावर गोळ्या थांबवण्याचे कारण हेच. शिवाय स्पायरोनोलॅक्टोन चालू ठेवले तर मंदावलेल्या किडनीमुळे पोटॅशियम धोक्याच्या पातळीपर्यंत वाढू शकते. गोळ्या थांबल्याने पोट पुन्हा भरेल, ही भीती खोटी नाही. पण पोट फार ताणले तर सुईने पाणी काढता येते.

‘क्रिएटिनिन जेमतेम १.२ आहे, म्हणजे ठीकच आहे’ हा दिलासाही फसवा ठरतो. क्रिएटिनिन स्नायूंतून तयार होते, आणि सिरॉसिसच्या रुग्णाचे हातपाय वाळलेले असतात. अशा माणसाचा नेहमीचा आकडा ०.६ असेल, तर १.२ म्हणजे दुप्पट. म्हणून आकडा किती आहे यापेक्षा तो किती चढला हे पाहतात: ४८ तासांत ०.३ मिलिग्रॅम किंवा ७ दिवसांत दीडपट वाढ झाली, तर किडनीला इजा झाली असे धरतात. जुने रिपोर्ट जपून ठेवणे इथे खरोखर उपयोगी पडते.

एक नमुना रुग्ण घेऊन उपचाराचा क्रम पाहू. वजन ६० किलो, महिन्यापूर्वीचे क्रिएटिनिन ०.८, आता १.८. रोज १०० मिलिग्रॅम स्पायरोनोलॅक्टोन आणि ४० मिलिग्रॅम फ्युरोसेमाइड चालू. त्यात लॅक्टुलोजने दिवसातून सहा-सात जुलाब, आणि कंबरदुखीसाठी दुकानातून आणलेली डायक्लोफिनॅकची गोळी. ही गोळी किडनीची धमनी उघडी ठेवणारी रसायनेच बंद पाडते, म्हणून ती तत्काळ थांबते. लघवीच्या गोळ्या थांबतात, लॅक्टुलोज कमी होते. पोटातले थोडे पाणी सुईने काढून तपासतात, कारण त्यातला जंतुसंसर्ग हे किडनी बिघडण्याचे नेहमीचे कारण आहे आणि ताप नसतानाही तो असू शकतो. लघवीत प्रथिने किंवा रक्त जाते का, सोनोग्राफीत किडनी कशी दिसते, हेही पाहतात. आणि अल्ब्युमिन सुरू होते: किलोमागे रोज १ ग्रॅम, म्हणजे ६० ग्रॅम. २० टक्के द्रावणाच्या १०० मिलिलिटरच्या बाटलीत २० ग्रॅम असते, तेव्हा रोज तीन बाटल्या.

‘रिपोर्टमध्ये प्रोटीन कमी आले, म्हणून ताकदीसाठी ही बाटली’ असे अनेक घरांत समजले जाते. अल्ब्युमिन हे पोषण नव्हे. ताकदीसाठी प्रथिने जेवणातूनच जावी लागतात. लिव्हरमध्ये बनणारे हे प्रथिन रक्तवाहिनीच्या आत पाणी धरून ठेवते. घट्ट द्रावण शिरेत गेले की आजूबाजूचे पाणी आत ओढले जाते, धमन्या भरतात आणि शरीराचा आवळण्याचा हुकूम ढिला पडण्याची संधी मिळते. सलाईनने हे तितकेसे साधत नाही, कारण त्यातले मीठ-पाणी लवकरच पोटाकडे झिरपते.

वरच्या रुग्णाचे क्रिएटिनिन एक-दोन दिवसांत १.१ वर आले, तर बिघाड जुलाब, गोळ्या आणि पाणी घटल्यामुळे होता असे समजते. धमन्या भरूनही आकडा हलला नाही, आणि दुसरे कारण सापडले नाही, तर हिपॅटोरीनल सिंड्रोमचे निदान होते. मग सैलावलेल्या वाहिन्या आवळणारे टर्लिप्रेसिन किंवा नॉरॲड्रेनॅलिन सुरू करतात आणि जोडीला गरजेनुसार दिवसाला २० ते ४० ग्रॅम अल्ब्युमिन.

‘अल्ब्युमिन जितके जास्त, तितके चांगले’ हेही खरे नाही. पोटातल्या पाण्यात संसर्ग असताना पहिल्या दिवशी किलोमागे दीड ग्रॅम आणि तिसऱ्या दिवशी १ ग्रॅम दिल्याने किडनीची इजा आणि मृत्यू दोन्ही घटतात, हे १९९९ मध्ये स्पेनमधल्या चाचणीत दिसले. एका बैठकीत पाच लिटरहून अधिक पाणी काढल्यास काढलेल्या लिटरमागे ६ ते ८ ग्रॅम देण्यालाही आधार आहे. पण २०२१ मध्ये ब्रिटनच्या मोठ्या चाचणीत दाखल रुग्णांच्या रक्तातला अल्ब्युमिनचा आकडा वाढवण्यासाठी रोज बाटल्या दिल्या, तेव्हा फायदा झाला नाही. फुप्फुसांत पाणी साठण्याचे प्रकार मात्र वाढले. टर्लिप्रेसिनसोबत हा धोका आणखी गंभीर होतो. म्हणून धाप लागते का, ऑक्सिजन ९० टक्क्यांखाली जातो का, यावर नजर ठेवावी लागते, आणि तसे दिसले तर अल्ब्युमिन थांबवावे लागते.

डायलिसिस लावले की प्रश्न सुटेल, ही अपेक्षाही पुरी होत नाही. मूळ अडथळा लिव्हरमध्ये असल्याने डायलिसिस फक्त वेळ मिळवून देते, आणि रक्तदाब आधीच कमी असल्यामुळे ते झेपणेही अवघड जाते. लिव्हर प्रत्यारोपणानंतर मात्र बऱ्याच रुग्णांच्या किडन्या पुन्हा काम करू लागतात. किडनी बंद राहण्याचा काळ जितका लांबेल, तितकी ही शक्यता घटते, त्यामुळे प्रत्यारोपणासाठी योग्य असलेल्या रुग्णाचे नाव क्रिएटिनिन चढू लागताच प्रत्यारोपण केंद्राकडे कळवले जाते.