नावे की जमा? आधी खात्याचा प्रकार ठरवा

द्विनोंदी पद्धतीत प्रत्येक व्यवहाराचा परिणाम किमान दोन खात्यांवर होतो. जेवढी रक्कम एका बाजूला नावे पडते, तेवढीच दुसऱ्या बाजूला जमा होते. कोणते खाते नावे करायचे आणि कोणते जमा, हे तीन नियमांवरून ठरते. वाणिज्य शाखेच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना हे नियम बहुधा तोंडपाठ असतात. तरीही नोंद चुकते, कारण नियम लावण्याआधी समोरचे खाते कोणत्या प्रकारचे आहे हे नीट ठरवलेले नसते.

व्यक्ती, बँक, संस्था, कंपनी यांची खाती ही व्यक्ती खाती. त्यांचा नियम असा की घेणाऱ्याचे खाते नावे आणि देणाऱ्याचे खाते जमा. रोकड, फर्निचर, यंत्रे, इमारत, तसेच ख्यातीसारखी डोळ्यांना न दिसणारी मालमत्ता यांची खाती ही संपत्ती खाती. त्यांत जे येते ते नावे आणि जे जाते ते जमा. भाडे, पगार, व्याज, कमिशन अशी खर्च-उत्पन्नाची, नफा-तोट्याची खाती ही नामधारी खाती. यांत खर्च व तोटे नावे, तर उत्पन्न व नफा जमा.

हे नियम लावताना एक गोष्ट पक्की धरावी लागते. हिशेब व्यवसायाचा असतो, मालकाचा नव्हे. एखाद्याने 2,00,000 रुपये रोख घालून स्टेशनरीचे दुकान सुरू केले, तर दुकानाच्या वहीत रोकड आली म्हणून रोकड खाते नावे होते. पैसे देणारा मालक, म्हणून त्याचे भांडवल खाते जमा होते. भांडवल खाते हे मालकाचेच व्यक्ती खाते आहे. त्याने पुढे घरखर्चासाठी गल्ल्यातून 5,000 रुपये घेतले, तर घेणारा तोच असल्याने उचल खाते नावे आणि रोकड खाते जमा. घरखर्च हा दुकानाचा खर्च नाही, त्यामुळे इथे नामधारी खात्याचा नियम लावायचा नसतो.

बँकेचा गोंधळ इथूनच सुटतो. दुकानाने 50,000 रुपये बँकेत भरले, तर घेणारी बँक, म्हणून दुकानाच्या वहीत बँक खाते नावे आणि रोकड खाते जमा. पासबुकात मात्र हीच रक्कम जमेच्या रकान्यात छापून येते. पासबुक ही बँकेच्या वहीतल्या खात्याची प्रत असते आणि बँकेच्या दृष्टीने देणारा म्हणजे दुकान. नियम दोन्हीकडे एकच लागला आहे. फक्त वही कोणाची, ते बदलले. पासबुक पाहून रोजकीर्द लिहिणाऱ्याच्या साऱ्या बँक-नोंदी उलट्या पडतात त्या यामुळेच.

खरी कसोटी लागते ती भाड्याच्या नोंदीत. दुकानाचे भाडे दरमहा 10,000 रुपये आहे आणि प्रत्येक महिन्याचे भाडे पुढच्या महिन्याच्या 5 तारखेला धनादेशाने दिले जाते असे धरू. हिशेबाचे वर्ष 31 मार्चला संपते. त्या दिवशी मार्चचे भाडे द्यायचे राहिलेले असते. जागा तर महिनाभर वापरली, म्हणजे खर्च झालेलाच आहे. म्हणून भाडे खाते 10,000 रुपयांनी नावे होते. ते नामधारी खाते आहे आणि हा खर्च आहे. दुसरी बाजू कोणाची? पैसे गेलेले नाहीत, म्हणून रोकड किंवा बँक इथे येत नाही. जागेचा वापर घरमालकाने दिला आणि त्याचे देणे उभे राहिले. म्हणून देय भाडे खाते 10,000 रुपयांनी जमा होते.

दोन्ही खात्यांच्या नावात भाडे आहे, पण प्रकार वेगळे आहेत. देय भाडे हे व्यक्ती खाते आहे; त्याच्यामागे घरमालक उभा आहे. अशा खात्यांना प्रातिनिधिक व्यक्ती खाती म्हणतात. देय पगार आणि आगाऊ भरलेला विमा हप्ता हीही याच गटातली. भाडे, पगार, विमा या शब्दांआधी ‘देय’ किंवा ‘आगाऊ’ लागले की ते खाते बहुधा नामधारी राहत नाही. कोणाचे देणे किंवा कोणाकडून येणे आहे, हे विचारले की उत्तर सापडते.

5 एप्रिलला धनादेश दिला जातो. पैसे घेणारा घरमालक, म्हणून देय भाडे खाते नावे. बँकेने पैसे दिले, म्हणून बँक खाते जमा. नेमक्या याच ठिकाणी सवयीने भाडे खाते पुन्हा नावे केले जाते. मग गेल्या वर्षाचा खर्च नव्या वर्षातही धरला जातो. तेरीज पत्रकात ही चूक दिसत नाही, कारण नावे आणि जमेच्या बेरजा जुळतातच. ती शोधायची तर खाती उघडावी लागतात. वर्षअखेर भाडे खात्यात बारा महिन्यांच्या 1,20,000 रुपयांऐवजी 1,30,000 रुपये निघतात. देय भाडे खात्यात एका महिन्याच्या 10,000 रुपयांऐवजी 20,000 रुपये उभे असतात. नफा 10,000 रुपयांनी कमी आणि ताळेबंदात फेडून झालेले देणे, असा दुहेरी परिणाम होतो.

संपत्ती आणि खर्च यांची सरमिसळही अशीच लपून राहते. नवे कपाट घेतले तर फर्निचर खाते नावे, जुन्या कपाटाची दुरुस्ती केली तर दुरुस्ती खाते नावे. दुरुस्तीचे 3,000 रुपये फर्निचर खात्यात गेले, तर बेरजा जुळतील, पण मालमत्ता आणि नफा दोन्ही फुगलेले दिसतील. मालाच्या खरेदीबाबत मात्र फार अडायचे कारण नाही. माल आला असे म्हणा किंवा खर्च झाला असे म्हणा, खरेदी खाते नावेच होते.

काही नोंदींत नियमांचे शब्द ताणावे लागतात. उधारीवर माल नेलेल्या ग्राहकाचे 4,000 रुपये बुडाले, तर तोटा म्हणून बुडीत कर्ज खाते नावे होते आणि ग्राहकाचे खाते जमा होते. ग्राहकाने तर काहीच दिलेले नाही! पण माल नेताना त्याचे खाते नावे केले होते आणि आता ते येणे वहीतून काढून टाकायचे आहे, म्हणून त्याच्या खात्याची जमा बाजू वापरावी लागते. घसाऱ्याचेही तसेच. घसारा खाते खर्च म्हणून नावे आणि यंत्र खाते जमा. यंत्र कुठेच गेलेले नसते. त्याच्या किमतीतला काही भाग गेलेला असतो.

अशा ठिकाणी आधुनिक वर्गीकरण जास्त सरळ पडते. त्यात खात्यांचे पाच गट असतात: मालमत्ता, देणी, भांडवल, उत्पन्न आणि खर्च. मालमत्ता किंवा खर्च वाढला की नावे, घटला की जमा. देणी, भांडवल किंवा उत्पन्न वाढले की जमा, घटले की नावे. बुडालेल्या उधारीत ग्राहकाकडचे येणे, म्हणजे मालमत्ता घटली, म्हणून जमा. 5 एप्रिलच्या धनादेशात देणे घटले म्हणून देय भाडे नावे, आणि बँकेतली शिल्लक, म्हणजे मालमत्ता घटली म्हणून बँक जमा. नोंद तीच येते. एखाद्या व्यवहारात दोन पद्धतींची उत्तरे वेगळी आली, तर खात्याचा प्रकार किंवा गट ओळखण्यात कुठेतरी चूक झाली आहे असे समजावे.